वजन टांगलं की मोटर कमी का पडते? स्टेट फीडबॅकला इंटिग्रेटरची जोड

एका मोटरच्या शाफ्टवर ड्रम बसवला आहे आणि ड्रमवर दोरी गुंडाळली आहे. दोरीच्या टोकाला अजून काही नाही. कंट्रोलरला सांगितलं, १ रेडियन फिर आणि थांब. ड्रम फिरतो, दीडेक सेकंदात १ रेडियनवर येऊन थांबतो. आता दोरीला एक वजन टांगा आणि पुन्हा तोच हुकूम द्या. ड्रम ०.९ वर येऊन थांबतो. वाट पाहिली तरी फरक पडत नाही, तासाभरानेही तो ०.९ वरच असतो.

कंट्रोलर बिघडलेला नाही. त्याचं गणित बरोबर आहे, पोल जिथे हवे तिथेच आहेत, सिस्टीम स्थिर आहे. तरीही उत्तर चुकतं, आणि ते का चुकतं हे आकड्यांतून पाहिलं की इंटिग्रेटर का लागतो ते वेगळं सांगावं लागत नाही.

मोटरचं मॉडेल अगदी साधं घेऊ. शाफ्टचा कोन θ आणि वेग ω या दोन स्टेट. मोटरला दिलेलं व्होल्टेज u, आणि वजनामुळे शाफ्टवर येणारी ओढ d:

```
θ' = ω
ω' = -2ω + 4u + d
```

दोरी ड्रमवर गुंडाळलेली असल्यामुळे वजनाची ओढ कोनावर अवलंबून नाही. ड्रम कुठेही असो, ओढ तेवढीच. आपल्या वजनासाठी d = -1.6 धरू, एकक रेडियन प्रति सेकंद वर्ग. व्होल्टच्या भाषेत हे वजन ०.४ व्होल्टच्या बरोबरीचं आहे, कारण 4 × 0.4 = 1.6. हा ०.४ चा आकडा लक्षात ठेवा, सगळा लेख त्याच्याभोवती फिरणार आहे.

कंट्रोलर नेहमीचा: u = k1(r - θ) - k2·ω. इथे r म्हणजे हवा असलेला कोन. दोन्ही पोल -4 वर हवेत म्हणून s² + (2+4k2)s + 4k1 ची तुलना s² + 8s + 16 शी केली, की k1 = 4 आणि k2 = 1.5 मिळतात.

आता ड्रम थांबलेला आहे असं समजा. वेग शून्य, प्रवेगही शून्य. म्हणजे मोटरने बरोबर ०.४ व्होल्ट घेतलेले असायला हवेत, नाहीतर वजनाने ड्रम ओढला असता. पण हे ०.४ व्होल्ट येणार कुठून? कंट्रोलरच्या सूत्रात ω शून्य झाल्यावर उरतं ते फक्त k1(r - θ). त्यातून ०.४ निघायचे तर 4 × (r - θ) = 0.4, म्हणजे r - θ = 0.1 असायलाच हवं. चूक शून्य झाली तर व्होल्टेजही शून्य होईल आणि वजन खाली जाईल. थोडक्यात, वजन पेलायला लागणारं व्होल्टेज या कंट्रोलरला चुकीतूनच मिळतं.

### "पण मोटरमध्ये इंटिग्रेटर आधीच आहे ना?"

ही शंका बऱ्याच जणांना येते, आणि शंका चांगली आहे. θ हा ω चा इंटिग्रल आहे. ज्या सिस्टीममध्ये इंटिग्रेटर असतो तिथे स्टेप दिल्यावर चूक उरत नाही, असं आपण शिकलेलो असतो. वजन नसताना ते खरंही ठरलं, ड्रम नेमका १ वर थांबला.

गोम आहे इंटिग्रेटरच्या जागेत. वजनाची ओढ शिरते ω च्या समीकरणात, म्हणजे मोटरमधल्या इंटिग्रेटरच्या अलीकडे. त्या ओढीला तोंड द्यायचं तर तिच्याही अलीकडे, म्हणजे चूक मोजण्याची जागा आणि ओढ शिरण्याची जागा यांच्या मधे, इंटिग्रेटर हवा. तिथे आत्ता फक्त k1 नावाचा एक गुणक बसला आहे. म्हणून r बदलण्याने चूक उरत नाही, पण d मुळे उरते.

मग k1 वाढवावा का? k1 = 40 केला तर चूक ०.१ वरून ०.०१ होते. पण k2 तसाच ठेवला तर डॅम्पिंग ०.३२ वर घसरतं आणि ड्रम साधारण एक तृतीयांश पुढे जाऊन मागे येतो. k2 वाढवून ते सावरता येईल, पण मग १ रेडियनचा हुकूम मिळताक्षणी कंट्रोलर ४० व्होल्ट मागतो. पुरवठा १२ व्होल्टचा असेल तर ती मागणी कागदावरच राहते. शिवाय सेन्सरमधली प्रत्येक खरखर दहापट मोठी होऊन मोटरपर्यंत जाते. आणि एवढं करूनही चूक शून्य झालेली नसतेच.

दुसरा मार्ग असा की सूत्रात सरळ ०.४ व्होल्ट मिळवून टाकायचे. जुन्या काळच्या प्रोसेस कंट्रोलरमध्ये नेमकी हीच सोय असे. तिला मॅन्युअल रीसेट म्हणत. ऑपरेटर काटा पाहायचा, उरलेली चूक दिसली की एक बटण थोडं फिरवायचा, चूक अजून दिसली तर आणखी थोडं. चूक शून्य झाली की हात काढून घ्यायचा, आणि बटण जिथे सोडलं तिथेच राहायचं. लोड बदलला की पुन्हा तेच.

त्या ऑपरेटरच्या हाताचं वर्णन गणितात लिहा: चूक असेल तोवर फिरवत राहा, चूक संपली की थांब, आणि जिथे आलात ते विसरू नका. हा झाला इंटिग्रेटर. म्हणूनच त्या यंत्रांवर इंटिग्रल क्रियेचं नाव ऑटोमॅटिक रीसेट असं पडलं.

### तिसरी स्टेट

स्टेट फीडबॅकमध्ये हे बसवायचं तर एक नवी स्टेट जोडायची. ही मोटरमध्ये कुठे नाही, कंट्रोलरच्या मेमरीत आहे:

```
z' = r - θ
u  = -k1·θ - k2·ω + ki·z
```

आता सिस्टीम दोन ऐवजी तीन स्टेटची झाली, म्हणून पोलही तीन ठरवायचे. ही पायरी गाळून लोक जुने k1 = 4, k2 = 1.5 तसेच ठेवतात आणि ki चा एखादा आकडा अंदाजाने चिकटवतात. ki = 8 घेतला तर काय होतं? समीकरण s³ + 8s² + 16s + 32 होतं, आणि त्यातल्या दोन पोलचं डॅम्पिंग ०.३८ च्या आसपास येतं. दोन्ही पोल -4 वर म्हणून आखलेला संथ, शहाणा ड्रम आता डुलायला लागतो. ki ३२ च्या पुढे गेला तर तो थांबतच नाही. इंटिग्रेटर मागे राहून, उशिरा प्रतिक्रिया देतो. त्या उशिराची भरपाई बाकीच्या गेननी करायची असते, म्हणून तिन्ही गेन एकत्र काढायचे.

बंद लूपचं समीकरण असं येतं: s³ + (2+4k2)s² + 4k1·s + 4ki. मी पोल -4, -4 आणि -2 निवडतो. तिसरा मुद्दाम जरा संथ ठेवला आहे, म्हणजे गेन अवाच्या सवा होत नाहीत. (s+4)²(s+2) सोडवलं की s³ + 10s² + 32s + 32. तुलना करा: k2 = 2, k1 = 8, ki = 8.

आता वजन टांगून ड्रम थांबल्यावरची स्थिती पाहू. सगळं थांबलं आहे म्हणजे z सुद्धा थांबला आहे. z थांबायचा एकच मार्ग आहे, r - θ = 0. या वाक्यात d कुठे आलाच नाही. ४ हा मोटरचा आकडाही आला नाही. सिस्टीम स्थिर असेल आणि सगळं थांबणार असेल, तर θ ला r वर यावंच लागतं.

मग ०.४ व्होल्ट कोण देतं? z किती झाला ते काढू. u = -8·1 + 8z = 0.4, म्हणून z = 1.05. वजन नसताना हाच z बरोबर १ वर थांबतो. वजनासाठी लागलेले ०.४ व्होल्ट z मधल्या त्या ०.०५ मध्ये साठले आहेत, आणि ८ ने गुणून बाहेर येत आहेत. वजन किती आहे हे कंट्रोलरला कोणी सांगितलेलं नाही, तरी त्याने ते शोधून काढलं.

शोधताना काय घडतं तेही पाहण्यासारखं आहे. ड्रम १ वर स्थिर असताना अचानक वजन टांगलं, तर तो खाली सरकतो, साधारण ०.६३ सेकंदाला ०.९५९ पर्यंत जातो आणि मग परत वर येतो. २ सेकंदांनंतर ०.००७ रेडियनच्या आत, ३ सेकंदांनंतर सुमारे ०.००१. या खड्ड्याचं क्षेत्रफळ, म्हणजे चूक गुणिले वेळ यांची एकूण बेरीज, बरोबर ०.०५ असते. असावीच लागते, कारण z तेवढाच वाढायचा आहे. म्हणून ki दुप्पट केला तर हे क्षेत्रफळ निम्मं होतं, मग बाकी गेन काही का असेनात. फुकट मात्र काहीच मिळत नाही. वजन शिकण्यासाठी थोडी चूक काही काळ सोसावीच लागते, फक्त ती कायमची राहत नाही.

मॉडेल चुकलं असेल तर? समजा मोटर गरम होऊन ४ च्या जागी ३.२ चीच ताकद उरली. आता तेच वजन पेलायला ०.५ व्होल्ट लागतात. पोल थोडे सरकतात, पण स्थिरता टिकते. z या वेळी १.०६२५ वर जाऊन थांबतो आणि ड्रम पुन्हा नेमका १ वर असतो. हातानं ०.४ व्होल्ट मिळवून दिले असते तर इथे फसलो असतो.

### एका चिन्हाची किंमत: २३ टक्के

वरच्या सूत्रात k1 ला मी θ दिला, r - θ दिला नाही. सहज सुटेल असा फरक आहे, म्हणून थांबून पाहू. आधीच्या, इंटिग्रेटर नसलेल्या कंट्रोलरच्या सवयीने u = k1(r - θ) - k2·ω + ki·z लिहिलं तर काय बिघडतं?

पोल अजिबात बदलत नाहीत. वजनाला मिळणारं उत्तरही तेच. पण r पासून θ पर्यंतच्या वाटेत एक झिरो उगवतो, s = -ki/k1 = -1 वर, म्हणजे सगळ्या पोलपेक्षा संथ. अशा झिरोमुळे ड्रम हुकूम मिळताच पुढे धावतो. हिशेब केला तर ०.९५ सेकंदाला तो १.२३ वर असतो, २३ टक्के पुढे. तिन्ही पोल वास्तव आहेत, कुठेही डुलणारा पोल नाही, तरीही एवढं ओव्हरशूट! मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा पोल पुन्हा पुन्हा तपासत बसलो होतो. पोल बरोबरच होते, मी चुकीच्या जागी शोधत होतो.

k1 ला नुसता θ दिला की हा झिरो नाहीसा होतो. ड्रम ओव्हरशूट न करता वर चढतो, २ सेकंदांना ०.९३ आणि ३ सेकंदांना ०.९९ पर्यंत येतो. चढण संथ आहे, हे खरं. हुकमालाही चपळ उत्तर हवं असेल तर r चा थोडाच वाटा थेट u मध्ये द्यायचा. किती ते स्वतंत्रपणे ठरवता येतं, कारण स्थिरतेचा त्याच्याशी संबंध नसतो.

### जिथे हे जमतच नाही

इंटिग्रेटर कुठेही जोडता येत नाही. याच मोटरवर उदाहरण घ्या. कोनाऐवजी वेगाची चूक साठवू म्हटलं, z' = r - ω, आणि θ चा फीडबॅकही तसाच चालू ठेवला. पण ω चा इंटिग्रल म्हणजे θ, तो तर स्टेटमध्ये आधीच आहे. नवी स्टेट जुन्याचीच नक्कल झाली, आणि एक पोल असा उरतो की गेन काहीही घ्या, तो शून्यावरून हलत नाही.

याची चाचणी एका मॅट्रिक्सने होते. A आणि B वर, C आणि 0 खाली:

```
[ 0   1   0 ]
[ 0  -2   4 ]
[ 0   1   0 ]
```

पहिली आणि तिसरी ओळ सारखीच, म्हणजे रँक पूर्ण नाही, म्हणजे काम होणार नाही. याचा अर्थ असा की θ धरून पाहिलं तर स्थिर u ने वेग स्थिर आणि शून्याहून वेगळा ठेवून सगळ्या स्टेट थांबवता येत नाहीत, कोन वाढतच राहतो. वेगच हवा असेल तर θ मॉडेलमधून काढून टाका, मग सगळं सुरळीत चालतं. याच चाचणीतून हेही निघतं की जितक्या आउटपुटची चूक शून्य करायची, निदान तितके इनपुट हातात हवेत. एका मोटरने दोन गोष्टी नेमक्या जागी धरता येत नाहीत.

### इंटिग्रेटर फुगतो तेव्हा

प्रत्यक्षात सगळ्यात जास्त त्रास याचा होतो. ड्रम कुठेतरी अडकला, ०.५ रेडियन कमी असताना, आणि १० सेकंद अडकूनच राहिला. z इमानदारीत चूक साठवत राहतो: ०.५ × १० = ५. त्यातून व्होल्टेजची मागणी ४० ने वाढते, आणि पुरवठा १२ व्होल्टचाच आहे. आता अडथळा निघाला. ड्रम १ रेडियन पार करतो, चुकीचं चिन्ह उलटतं, तरी मोटर पूर्ण जोरात पुढेच ढकलत राहते, कारण साठलेला ५ चा ढीग उलट चुकीने उपसल्याशिवाय z खाली येणार नाही. याला वाइंडअप म्हणतात.

ओळखायची खूण सोपी आहे. u आणि चूक दोन्ही एकाच ग्राफवर काढा. चुकीने शून्य ओलांडलं आणि u अजून मर्यादेला चिकटलेला असेल, तर हेच आहे. ki कमी करून ते झाकता येतं, पण मग वजनाचा खड्डा भरून यायलाही वेळ लागतो, आणि मूळ दुखणं तसंच राहतं. त्यापेक्षा, व्होल्टेज मर्यादेला टेकलेलं असताना साठवणं थांबवा:

```
e = r - theta
u_raw = -k1*theta - k2*omega + ki*z
u = max(-12, min(12, u_raw))
if u == u_raw or e*u_raw < 0:
    z = z + e*Ts
```

दुसरी अट महत्त्वाची. मर्यादेला टेकलेलं असतानाही चूक जर z ला मागे ओढणारी असेल, तर तिला ओढू द्यायचं. ही अट विसरली तर z कायमचा अडकून बसू शकतो.

आणि एक गोष्ट कुठलीही युक्ती करू शकत नाही. वजनच एवढं असेल की पेलायला १२ पेक्षा जास्त व्होल्ट लागतात, तर चूक राहणारच. इंटिग्रेटर लागणारं व्होल्टेज शोधतो, ते निर्माण करत नाही.

### ऑब्झर्व्हर असेल तर

बऱ्याचदा ω मोजलेला नसतो. मग θ वरून ऑब्झर्व्हर दोन्ही स्टेटचा अंदाज बांधतो आणि फीडबॅकला ते अंदाज दिले जातात. इथे एक चूक अशी होते की सगळंच अंदाजावर चाललंय तर इंटिग्रेटरलाही θ चा अंदाजच देऊन टाकतात. कोड नीटनेटका दिसतो, आणि ज्यासाठी इंटिग्रेटर आणला तेच हातून जातं.

कारण ऑब्झर्व्हरला वजनाची कल्पना नाही. त्याच्या मॉडेलमध्ये d नाही, म्हणून वजन टांगलं की त्याचा अंदाज कायमचा थोडा चुकतो. ऑब्झर्व्हरचे दोन्ही पोल -8 वर असतील तर θ च्या अंदाजातली चूक d/64 होते, म्हणजे ०.०२५ रेडियन. इंटिग्रेटर अंदाजाला बरोबर १ वर आणून ठेवतो, आणि खरा ड्रम ०.९७५ वर थांबतो. फसवं असं की स्क्रीनवर अंदाज काढला तर चूक शून्य दिसते. पोल -20 वर नेले तर फरक ०.००४ वर येतो, पण जात नाही. k1 आणि k2 ला अंदाज दिला तर चालतं, इंटिग्रेटरला मात्र सेन्सरने मोजलेला θ च द्यायचा.

सेन्सर स्वतःच ०.०२ रेडियन जास्त दाखवत असेल तर इंटिग्रेटर तीच चूक खऱ्या ड्रममध्ये निष्ठेने उतरवतो, आणि कंट्रोलरच्या आतला कुठलाही सिग्नल पाहून ती सापडत नाही. त्यासाठी ड्रम दुसऱ्या कशाने तरी मोजावा लागतो.